बरणी हवेत तरंगू नये म्हणून

तुम्ही घरी लोणचं, मसाले, लाडू करून विकता. फोटो मोबाइलवर काढता. मागे ओटा, गॅसची नळी, भिंतीवरचा डाग दिसतो, म्हणून बरणी तेवढी कापून घेता आणि छानशा लाकडी टेबलाच्या फोटोवर ठेवता. कापणी नीट झालेली असते, रंगही छान असतात. तरी फोटो खोटा वाटतो. बरणी टेबलावर उभी नसते, टेबलासमोर तरंगत असते.

बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. त्याला एवढंच वाटतं की हा फोटो कुठून तरी उचललेला आहे. ज्याने तुमच्याकडून आधी कधी काही घेतलेलं नाही, त्याचा हात पैसे पाठवताना तिथेच आखडतो. तुमचं लोणचं खरं असतं, बरणीही खरी असते. बरणीच्या तळाशी सावली नसते, एवढंच.

ही सावली हाताने रंगवता येते. चित्रकला यावी लागत नाही. सावली कुठे गडद असते आणि का, हे एकदा कळलं की हात आपोआप तिकडे वळतो. म्हणून आधी एक काम करा. खरी बरणी घ्या, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा आणि तिच्या तळाकडे नीट बघा.

तुम्हाला तीन गोष्टी दिसतील. बरणी जिथे टेबलाला टेकते तिथे एक अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. त्या फटीत खिडकीचा उजेड पोचत नाही, आणि भिंतींवरून, छतावरून परतून येणारा उजेडही पोचत नाही. रेघेच्या बाहेर बोटभर रुंदीची मऊ काळपट छटा असते. तिथे थोडा उजेड शिरतो, पण बरणी त्याला निम्मा अडवते. त्याही पलीकडे खिडकीच्या विरुद्ध बाजूला एक फिकट, पसरट सावली गेलेली असते. तिची कड कुठे संपते ते सांगता येत नाही.

आता बरणी बोटभर वर उचला. बारीक काळी रेघ लगेच नाहीशी होते. पसरट सावली मात्र राहते. म्हणजे वस्तू टेकली आहे हे डोळ्याला सांगते ती रेघ आणि तिच्या लगतची छटा. पुष्कळ जण मोठी पसरट सावली काढतात आणि ही रेघ विसरतात, म्हणून सावली असूनही बरणी तरंगतच राहते.

जाता जाता त्या खऱ्या बरणीचा, त्याच उजेडात, टेबलासकट एक फोटो काढून ठेवा. कॅमेरा विकायच्या फोटोत होता तेवढ्याच उंचीवर धरा. हा फोटो कुठे टाकायचा नाही. सावली रंगवताना शेजारी उघडा ठेवायचा आणि त्यात बघून रंगवायचं. अंदाजाने रंगवलेली सावली बहुतेक वेळा फार मोठी आणि फार काळी होते.

अजून एक सांगून ठेवते. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये Drop Shadow नावाची तयार सोय असते. एका क्लिकमध्ये सावली येते, म्हणून मोह होतो. ती वापरू नका. ती बरणीच्या पूर्ण आकाराची नक्कल करते आणि थोडी बाजूला सरकवून मागे ठेवते. भिंतीवर टांगलेल्या चित्राला तशी सावली पडते, टेबलावर उभ्या बरणीला नाही. ती सोय लावली की बरणी मागच्या भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते.

आता कामाला लागू. मी Photopea धरून सांगते. ते ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे लागत नाहीत. Photoshop किंवा GIMP येत असेल तर त्यातही हेच करता येतं, नावं थोडी इकडेतिकडे असतील. काम जमेल तर कॉम्प्युटरवर करा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बोटाखाली नेमकी तीच कड झाकली जाते, जी बघायची असते.

उदाहरण म्हणून आपली नेहमीची चिनी मातीची बरणी घेऊ. वरून तपकिरी, खालून पांढरट. फोटो 2000 × 2000 पिक्सेलचा. बरणीचा तळ फोटोत साधारण 700 पिक्सेल रुंद आहे. मागे लाकडी टेबल आहे आणि त्या फोटोतला उजेड डावीकडून येतो.

आधी उजेडाची दिशा जुळवा. बरणीकडे बघा. चकाकी कुठल्या खांद्यावर आहे? टेबलाच्या फोटोतल्या इतर वस्तूंच्या सावल्या कुठे पडल्यात? दोन्ही जुळत नसतील तर टेबलाचा फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करा. बरणी उलटी करू नका. तिच्या लेबलवरची अक्षरं उलटी होतील आणि गडबडीत ते लक्षातही येणार नाही. टेबलाच्या फोटोत कडक उन्हाच्या धारदार सावल्या असतील आणि तुमची बरणी खिडकीच्या मऊ उजेडातली असेल, तर तो फोटो सोडून द्या. कितीही रंगवलं तरी ते दोन उजेड एकत्र नांदत नाहीत.

मग बरणीची कड तपासा. फोटो मोठा करून तळाशी जा. कापताना जुन्या पार्श्वभूमीची एखादी पातळ किनार राहिलेली असते. वर ती खपून जाते, तळाशी खपत नाही. बरणी आणि सावली यांच्यामध्ये उजळ दोरा ओवल्यासारखी ती दिसते आणि सगळी मेहनत वाया घालवते. मऊ खोडरबराने ती एक-दोन पिक्सेल आत खोडून टाका.

आता लेयर लावा. सगळ्यात खाली टेबल, सगळ्यात वर बरणी. यांच्यामध्ये तीन रिकामे लेयर घ्या. तिन्हींना Normal च्या जागी Multiply निवडा. Multiply मध्ये रंग टेबलाला झाकत नाही, फक्त गडद करतो. लाकडाच्या रेषा सावलीतूनही दिसत राहतात. खऱ्या सावलीतही त्या दिसतात.

रंग काळा घेऊ नका. निव्वळ काळ्या सावलीने लाकूड जळल्यासारखं, काजळी धरल्यासारखं दिसतं. त्याच टेबलावर जिथे आधीच गडद सावली आहे, फळ्यांच्या फटीत किंवा कडेखाली, तिथला रंग Eyedropper ने उचला. आपल्या उदाहरणात तो गडद तपकिरी असेल, 3a2a1e च्या आसपासचा. पांढऱ्या संगमरवरावर तो राखाडी निघेल, कधी किंचित निळसरही. टेबलाकडेच विचारायचं, स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही.

पहिली सावली मधली, बोटभर रुंदीची. सगळं पुढे हिच्यावर टेकतं, म्हणून हिला वेळ द्या.

बरणीचा तळ गोल आहे. पण तुम्ही तो थोडा वरून बघता, म्हणून फोटोत तो चपटा गोल दिसतो. त्याचा पुढचा अर्धा भाग तुम्हाला बरणीच्या खालच्या कडेवर दिसतो, मागचा अर्धा बरणीमागे लपलेला असतो. सावलीचा चपटा गोल नेमका याच्याशी जुळला पाहिजे.

तो किती चपटा, हे बरणीच सांगते. तळाचं डावं आणि उजवं टोक बघा. त्यांच्यामध्ये मनातल्या मनात आडवी रेघ ओढा. पुढची कड त्या रेघेच्या किती खाली उतरते ते मोजा. आपल्या बरणीत ती 110 पिक्सेल उतरते. त्याची दुप्पट, म्हणजे 220, ही चपट्या गोलाची उंची. रुंदी 700. एवढाच हिशेब.

बरणीच्या तोंडाचा गोल बघून हा आकार ठरवू नका. वरून बघताना तळाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त फुगीर दिसतो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतो. तोंडाचा चपटेपणा तळाला लावला की सावली पातळ पापडासारखी होते आणि बरणीच्या पुढच्या कडेखाली ती दिसतच नाही.

मधल्या लेयरवर जा. Ellipse Select ने तळापेक्षा किंचित मोठा गोल काढा, 730 रुंद आणि 235 उंच. त्याचा मध्य तळाच्या मध्यावर असू द्या. तो मध्य बरणीच्या आत झाकलेला आहे. लोक इथेच घसरतात. दिसणाऱ्या मोकळ्या जागेत, म्हणजे बरणीच्या खाली, गोल काढून बसतात. मग सावली बरणीच्या पायाखाली नसते, पायापुढे पडलेली असते, आणि बरणी वर उडी मारल्यासारखी दिसते. सावलीचा बहुतेक भाग बरणीमागे झाकला जाणार आहे. तो वाया जाऊ द्या.

गोल रंगाने भरा. आता निवड काढून टाका, Select मध्ये जाऊन Deselect. हे विसरलात तर पुढची मऊ करण्याची क्रिया गोलाच्या आतच अडकते आणि बाहेरची कड कात्रीने कापल्यासारखी राहते. मग Filter, त्यात Blur, त्यात Gaussian Blur. आकडा 20 ते 25 ठेवा. लेयरची Opacity 60 टक्के करा.

60 हा आकडा ऐकून दचकू नका. गोल मऊ केला की त्याचा रंग आत आणि बाहेर दोन्हीकडे पसरतो. जिथे आधी कड होती तिथे आता जेमतेम निम्मा गडदपणा उरतो. आतला गडद भाग बरणीने झाकलेला असतो. तुम्हाला दिसतो तो फक्त बाहेरचा, निम्म्याच्या खालचा भाग. म्हणून 60 ठेवल्यावर बरणीच्या कडेला डोळ्याला साधारण 30–35 जाणवतं. फिकट वाटलं तर वाढवा, पण खऱ्या बरणीचा फोटो शेजारी ठेवूनच.

उजेड डावीकडून आहे, म्हणून हा लेयर 10–12 पिक्सेल उजवीकडे सरकवा. डाव्या बाजूला ही छटा अरुंद राहील, उजव्या बाजूला थोडी रुंद. पण डावीकडची पूर्ण घालवू नका. उजेडाच्या बाजूलाही टेकलेल्या वस्तूखाली थोडा अंधार असतोच.

आता बारीक रेघ. बरणीच्या लगेच खालच्या लेयरवर जा. ब्रश 12 पिक्सेलचा, Hardness 0, Opacity 30 टक्के. बरणीच्या पुढच्या कडेवरून, कडेच्या वळणाने, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हात फिरवा. लेयर बरणीच्या खाली असल्यामुळे अर्धी रेघ झाकली जाईल आणि बाहेर फक्त तीन-चार पिक्सेल दिसतील. एवढीच हवी. मधोमध आणि उजवीकडे पुन्हा एक-दोनदा हात फिरवा, म्हणजे तिथे ती गडद होईल. डाव्या टोकाकडे विरत जाऊ द्या.

मग या लेयरला 2 किंवा 3 चा Gaussian Blur द्या. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ पेनाने आखल्यासारखी दिसते. खरी बरणी कुठेच अगदी सपाट टेकत नाही. एका बाजूला फट किंचित मोठी असते, एका बाजूला नसतेच. तुमची रेघही कुठे जाड, कुठे बारीक होऊ द्या. हात थोडा हलला तर बरंच.

तिसरी, पसरट सावली सगळ्यात सोपी. टेबलाच्या लगेच वरच्या लेयरवर तळाच्या मध्यापासून उजवीकडे जाणारा लांबट गोल काढा, 1000 रुंद आणि 240 उंच. डावं टोक बरणीमागे लपलेलं असू द्या. रंग भरा, निवड काढा, Gaussian Blur 60 ते 70, Opacity 25 टक्के. सावली बरणीपासून जितकी लांब जाते तितकी मऊ आणि फिकट होते, म्हणून उजव्या टोकाकडे मोठ्या मऊ खोडरबराने, Opacity 20 वर ठेवून, हलकेच दोनदा पुसा.

ही सावली फोटोच्या चौकटीला टेकू देऊ नका. चौकटीच्या आतच ती पूर्ण विरायला हवी.

इथपर्यंत आल्यावर बरणी टेबलावर उतरलेली दिसेल. तरी अजून थोडं उपरं वाटेल, कारण टेबलावर बरणीची सावली आहे पण बरणीवर टेबलाचा काहीच परिणाम नाही. खऱ्या बरणीचा पांढरट तळ शेवटच्या बोटभर भागात थोडा काळवंडलेला असतो, आणि लाकडाची तपकिरी झाक त्यावर चढलेली असते. यासाठी बरणीच्या वर एक नवा लेयर घ्या आणि Layer मधून Clipping Mask लावा. आता रंग बरणीच्या बाहेर जाणार नाही. हाही लेयर Multiply करा. 80 पिक्सेलच्या मऊ ब्रशने, Opacity 10 ठेवून, तळाच्या कडेवर दोन-तीन हात फिरवा. उजवीकडे एखादा जास्त. मला विचाराल तर या एवढ्याशा कामाने जो फरक पडतो तो मोठ्या सावलीनेही पडत नाही.

आता तपासा. फोटो लहान करा, ग्राहकाला मोबाइलवर दिसेल तेवढा. मोठा करून बघताना छान वाटणारी सावली लहान झाल्यावर काळा डाग वाटते का ते बघा. मग डोळे किलकिले करा. आधी बरणी दिसते की आधी सावली? आधी सावली दिसत असेल तर तिन्ही लेयरची Opacity थोडी उतरवा. शेवटी तिन्ही लेयर एकेक करून बंद करा आणि चालू करा. बारीक रेघ बंद केल्यावर बरणी किंचित वर उचलल्यासारखी वाटली, तर तुमची रेघ बरोबर बसली आहे.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो. मऊ सावलीत मग पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागतात, विशेषतः साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर. यावर उपाय आहे. सगळे लेयर एकत्र केलेल्या प्रतीवर Filter मधून Noise, Add Noise 1 ते 2 टक्के द्या. डोळ्याला तो रवा दिसत नाही, पण पट्टे मोडतात. लाकडाच्या रेषा असलेल्या टेबलावर बहुतेक वेळा याची गरज पडत नाही.

सगळ्याच वस्तू बरणीसारख्या नसतात. लाडू गोल असतो, त्यामुळे तो अगदी थोड्या जागेवर टेकतो. त्याची काळी रेघ लहान, मधोमधच असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मऊ अंधार पटकन रुंद होतो. मसाल्याचं चौकोनी पाकीट सरळ कडेवर टेकतं, तिथे गोल काढू नका, कडेच्या रेषेनेच ब्रश फिरवा. कापडावर ठेवलेली वस्तू थोडी रुतते, म्हणून रेघ जाड आणि छटा अरुंद लागते.

काचेची बरणी अवघड आहे. तिच्यातून उजेड आरपार जातो, म्हणून पसरट सावली फिकी असते आणि तिच्यात लोणच्याच्या तेलाचा नारिंगी, उजळ ठिपका उतरतो. तो रंगवत बसण्यापेक्षा एक वेगळी वाट धरा. बरणी पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. तो पूर्ण फोटो टेबलावर Multiply करून ठेवा आणि Levels ने कागद अगदी पांढरा होईपर्यंत उजळवा. Multiply मध्ये पांढरा रंग नाहीसा होतो, खरी सावली ठिपक्यासकट उरते. मग कापलेली बरणी त्याच्यावर नेमकी बसवा. उजेडाची दिशा जुळत असेल तर चिनी मातीच्या बरणीसाठीही हीच वाट आधी करून बघा. सावली खरी मिळत असताना रंगवायची कशाला?

अॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी, 255, 255, 255 लागते. लाकडी टेबलाचा फोटो तिथे पुढच्या फोटोंमध्ये लावा.

आणि काम झाल्यावर फक्त JPG घेऊन मोकळ्या होऊ नका. File मधून Save as PSD करून फाइल जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच आकाराच्या बरणीत लिंबाचं लोणचं भरलंत, तर फोटो त्याच उंचीवरून आणि त्याच खिडकीपाशी काढा. मग वरचा बरणीचा लेयर तेवढा बदलायचा, तिन्ही सावल्या जागेवर तशाच बसतील. टेबल बदललंत तर रंग नव्याने उचला. कॅमेरा वर-खाली झाला असेल तर मात्र तळाची ती 110 पिक्सेलची उतरण पुन्हा मोजून चपटा गोल नव्याने काढावा लागेल.